‘सोबत कोण’ हा रकाना

निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत पती-पत्नीचे संयुक्त छायाचित्र द्यावे लागते. कर्मचाऱ्याच्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतन ज्या व्यक्तीला द्यायचे, तिची ओळख पटावी एवढाच त्यामागचा हेतू असतो. इतर सहकाऱ्यांच्या अर्जांवर अशी छायाचित्रे मी अनेकदा पाहिली होती, पण स्वतःचा अर्ज भरायला बसले तेव्हा लक्षात आले की आम्हा दोघांचा अलीकडचा एकही एकत्र फोटो घरात नाही. मुलीच्या लग्नातले होते, पण त्यांत आमच्या मध्ये नेहमी कुणीतरी तिसरे उभे होते. शेवटी जे. पी. नगरच्या मुख्य रस्त्यावरील एका स्टुडिओत गेलो. छायाचित्रकार कन्नडमध्ये पुन्हापुन्हा ‘स्वल्प हत्तिर बन्नी’, म्हणजे ‘थोडे जवळ या’, असे सांगत होता. आम्ही सरकलो, पण कितपत सरकायचे हे दोघांनाही उमगत नव्हते, हे त्या छायाचित्रात अजून दिसते.

माझे पती बंगळुरूतील एका सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात उत्पादन-नियोजन विभागात अभियंता होते. वयाची साठ वर्षे पूर्ण होताच ३१ मे २०२४ रोजी ते निवृत्त झाले. मी केंद्र सरकारच्या सांख्यिकी सेवेत होते. माझी तीन वर्षांची नोकरी शिल्लक होती, पण वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. त्या नियमाचा आधार घेऊन ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मीही घरी आले. कारण सरळ होते. एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या नागपूर, कोलकाता आणि दिल्ली येथील नेमणुका धरून नऊ वर्षे आम्ही वेगवेगळ्या शहरांत राहिलो होतो. पती-पत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे अशा सूचना कार्मिक विभागाने १९८६, १९९७ आणि पुन्हा २००९ मध्ये काढल्या आहेत. त्यांतला ‘शक्यतो’ हा शब्द किती रुंद असतो, हे नोकरी केलेल्यांना सांगायला नको. आता तरी एकत्र राहू, असा विचार होता.

एकत्र राहणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

आमची सदनिका साडेनऊशे चौरस फुटांची, दोन शयनगृहांची. लेखनाचे टेबल एकच, आणि तेही पुण्यास गेलेल्या मुलीच्या खोलीत. मी कार्यालयातून पुस्तकांची दोन खोकी घेऊन घरी आले तेव्हा त्या टेबलावर यांचा संगणक, दुरुस्तीची हत्यारे आणि कारखान्यातून निरोपादाखल मिळालेले एक भलेमोठे घड्याळ विराजमान होते. स्वयंपाकघरात त्याहून मोठा बदल झाला होता. जूनपासूनच्या पाच महिन्यांत यांनी सगळे डबे उतरवून, त्यांवर इंग्रजी आद्याक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून, वर्णक्रमाने लावले होते. ‘सी’च्या रांगेत हरभऱ्याची डाळ आणि दालचिनी शेजारी, तर तुरीची डाळ पार शेवटच्या फळीवर. कारखान्याच्या भांडारात ही पद्धत उत्तम चालली असेल. पण स्वयंपाकात वस्तू ज्या क्रमाने हातात येते, तो वर्णक्रम नसतो. मी दुसऱ्याच दिवशी सगळे पूर्ववत केले. त्यांनी काही म्हटले नाही, मात्र पुढच्या आठवड्यात मसाल्यांची फळी पुन्हा वर्णक्रमावर गेली होती.

या प्रकरणी सर्वांत आधी बोलली ती आमच्याकडे घरकामाला येणारी अक्का. ती अकरा वर्षे आमच्याकडे येते. सकाळी नऊ ते अकरा तिची वेळ. आम्ही दोघेही नोकरीत असताना घराची किल्ली तिच्याकडे असे. दिवसा या घरात कोणत्या खिडकीतून किती वाजता ऊन येते, कावेरीचे पाणी आले नाही तर कोणती टाकी आधी उघडायची, टँकरवाल्याला कोणत्या शब्दांत झापायचे, हे आम्हा दोघांपेक्षा तिला अधिक ठाऊक. एके सकाळी तिने कणकेचा डबा ओट्यावर ठेवला आणि मला विचारले, ‘यार मातु केळबेकु?’ कुणाचे ऐकायचे? पाठोपाठ दुसरे घर बघू का, असेही शांतपणे विचारले.

आदेश एकाच ठिकाणाहून निघावेत, हे प्रशासनाचे पहिले सूत्र मी प्रशिक्षणार्थींना कितीदा शिकवले असेल. आमच्या घरात मात्र एका कर्मचाऱ्यावर दोन निवृत्त अधिकारी नेमले गेले होते, आणि दोघांपैकी एकालाही त्या जागेची माहिती नव्हती.

या विषयावर जगात काय लिहिले गेले आहे, ते मी तेव्हा शोधले. जुन्या सवयीचा हा परिणाम. जपानमधील डॉ. नोबुओ कुरोकावा यांनी १९९१ मध्ये अशा स्त्रियांचे वर्णन केले होते, ज्यांची डोकेदुखी, पोटदुखी, निद्रानाश पती निवृत्त होऊन घरी बसल्यावर सुरू झाले. त्यांनी त्याला ‘पती घरी असण्याच्या ताणाची लक्षणमाला’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे मार्को बेर्तोनी आणि जॉर्जो ब्रुनेल्लो या इटालियन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ सालच्या जपानी कायद्याचा आधार घेऊन हे तपासले. त्या कायद्याने मालकांना कामगारांचे नोकरीतले वय टप्प्याटप्प्याने वाढवायला लावले, त्यामुळे काही पुरुष लवकर घरी आले आणि काही उशिरा. ज्यांचे पती लवकर घरी आले, त्या पत्नींमध्ये तक्रारींचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यांचा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मला तो वाचून थोडे समाधान वाटले, हे कबूल करते. आपला त्रास एखाद्या कोष्टकात सापडला की तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. पण आमच्या घरी बसणारा पुरुष पाच महिने आधीच स्थिरावला होता. खोकी घेऊन आत शिरलेली मी होते. जपानी अभ्यासातला पती आमच्या घरात कोण, हे काही स्पष्ट होईना.

तेव्हा मी जे मला येते ते केले. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर पहिले सर्वंकष वेळ-वापर सर्वेक्षण केले. त्याच्या क्षेत्रकार्यावर देखरेख करण्याचे काम माझ्याकडे होते. पद्धत अशी. घरातील सहा वर्षांवरील प्रत्येकाला आदल्या दिवसाबद्दल विचारायचे. दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे चारला संपतो. त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात काय केले, ते काम घरात की घराबाहेर, मोबदला मिळाला की नाही, हे लिहायचे. एका तुकड्यात अनेक कामे असतील, तर किमान दहा मिनिटे चाललेली जास्तीत जास्त तीन कामे नोंदवायची. त्याहून छोटी कामे गळतात. कुठेतरी रेघ मारावीच लागते, नाहीतर तक्ता कधीच पुरा होणार नाही.

क्षेत्रकार्यातली एक अडचण नेहमीची. अन्वेषक दारात गेला की ओसरीवर बसलेला पुरुष घरातल्या स्त्रीचा दिवस स्वतःच सांगून मोकळा होतो. ‘ती काय, घरीच असते.’ मग तिच्या अठ्ठेचाळीस तुकड्यांत ‘घरकाम’ असा एकच शब्द लांबच्या लांब पसरतो. ज्या तक्त्यात सलग सहा-सात तास एकच संकेतांक दिसे, तो तक्ता तिच्या तोंडून उतरवलेला नाही असे मी समजत असे आणि अन्वेषकाला परत पाठवत असे. ज्याचा दिवस, त्यालाच विचारा, हा माझा धोशा होता. स्वतःच्या घरात मात्र मी गेला महिनाभर यांचा दिवस मनातल्या मनात परस्पर भरून टाकला होता. ‘ते काय, घरीच असतात.’

मी वहीत रेघा आखून दोन तक्ते तयार केले, एक त्यांचा, एक माझा. सोमवार ते रविवार, सात दिवस. एकमेकांचे आठवडा संपेपर्यंत पाहायचे नाही. अभियंत्याला रकान्यांचे वावडे नसते, त्यामुळे ते आनंदाने तयार झाले. मी त्यात एक रकाना पदरचा घातला. काही देशांच्या वेळ-वापर रोजनिश्यांत तो असतो आणि मला नेहमी त्याचे कुतूहल वाटे. ‘सोबत कोण?’

आठवड्याअखेर बेरजा झाल्या. विनामोबदला घरकामात माझी रोजची सरासरी चार तास पाच मिनिटे, त्यांची पन्नास मिनिटे. २०२४ च्या देशव्यापी सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरील वेळ दिवसाला २८९ मिनिटे आला आहे आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. म्हणजे आम्ही दोघेही देशापेक्षा कमी काम करत होतो, कारण उरलेले अक्का करत होती. ती दोन तासांत जे उरकते त्याला आम्हाला किती वेळ लागेल, हे दिवाळीत ती चार दिवस गावी गेली तेव्हा कळले होते.

घरकामातील ही तफावत मला अपेक्षित होती. त्यांनाही असावी, कारण बेरीज पाहून त्यांनी फक्त मान हलवली. खरी गंमत पदरच्या रकान्यात निघाली.

मंगळवारी सकाळी साडेदहा ते अकराचा तुकडा घेऊ. त्यांच्या तक्त्यात : ‘वृत्तपत्रवाचन, दिवाणखाना. सोबत : पत्नी.’ माझ्या तक्त्यात त्याच वेळी : ‘भाजी चिरणे, स्वयंपाकघर. सोबत : कुणी नाही.’ मी आधी समजले, चुकून लिहिले असेल. मग बुधवार पाहिला, गुरुवार पाहिला. नऊ ते एक या वेळेत सात दिवसांचे छप्पन तुकडे होतात. त्यांपैकी एकेचाळीस तुकड्यांत त्यांनी ‘पत्नी’ असे लिहिले होते. माझ्या तक्त्यात त्याच वेळेत ‘पती’ हा शब्द नऊ ठिकाणी होता.

सर्वेक्षणात अशी विसंगती आढळली की छाननी अधिकारी तक्त्यावर लाल शेरा मारतो आणि स्पष्टीकरण मागवतो. मी तेच केले. ‘अहो, तुम्ही दिवाणखान्यात, मी आत. आपण बोललोसुद्धा नाही. मग सोबत कशी?’

ते म्हणाले, ‘तू आत होतीस ना. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.’

मला यावर पटकन काही बोलता आले नाही. मी दिल्लीला होते ती चार वर्षे हे घर त्यांनी एकट्याने सांभाळले होते. शेवटच्या दोन वर्षांत मुलगीही शिकायला बाहेर गेली होती. संध्याकाळी सातला परतल्यावर आधी दूरदर्शन लावायचे आणि मग बूट काढायचे, अशी सवय तेव्हाच लागल्याचे त्यांनी एकदा सहज सांगितले होते. तो आवाज त्यांना का हवा असे, याचा मी विचार केला नव्हता. माझे उलट होते. मी वसतिगृहांत आणि अतिथिगृहांत राहिले. दिवसभर माणसांनी वेढलेली असे, आणि खोलीचे दार लावल्यावर मिळणारा एकटेपणा हीच माझी मिळकत होती. ऑक्टोबरपासून तो एकांत मला मिळेनासा झाला होता, म्हणून मी तो कागदावर लिहून घेत होते. शेजारच्या खोलीत माणूस असतानाही ‘कुणी नाही’ असे लिहिण्यात माझा थोडा हट्ट होता, हे आता कळते.

घरातले खटके मात्र या दोन्ही तक्त्यांत कुठेच दिसत नव्हते. आम्ही दिवसातून तीनदा तरी एकमेकांवर चिडत होतो आणि कागदावर सगळे शांत. याचे कारण तक्त्याच्या नियमातच होते. दहा मिनिटांहून छोटे ते गळते. आणि संसारातली कटकट बहुधा दहा मिनिटांची नसते, ती वीस सेकंदांची असते. ‘कात्री कुठे ठेवलीस?’ ‘चहा घेणार का?’ ‘हे ऐक, काय लिहिले आहे.’ ‘गॅस बंद केला का?’ प्रत्येक प्रश्न साधा, पण हातातले काम प्रत्येक वेळी तुटते, आणि तुटलेले जोडायला लागणारा वेळ कुठल्याच संकेतांकात बसत नाही.

म्हणून पुढच्या सोमवारी नऊ ते एक मी एका कागदावर फक्त रेघा ओढल्या. चार उभ्या आणि एक आडवी, अशा पाच-पाचच्या जुड्या. माझी खात्री होती की त्यांच्या नावावर डोंगर जमेल. एकूण सव्वीस व्यत्यय झाले. अकरा त्यांचे, पंधरा माझे. मंगळवारी पुन्हा मोजले. आता मी सावध होते, तरी दोघांच्या रेघा बरोबरीत सुटल्या. अन्वेषकालाच सर्वेक्षण उलटल्याचा हा अनुभव सेवाकाळात आला असता, तर मी अधिक चांगली अधिकारी झाले असते.

सव्वीसपैकी बारा प्रश्न ‘अमुक वस्तू कुठे आहे’ या जातीचे होते. हे कळले तेव्हा डब्यांचा वाद आपोआप वेगळ्या पातळीवर गेला. त्यांची पद्धत बरी की माझी, हा मुद्दाच नव्हता. दोन पद्धती एकमेकींवर चढल्यामुळे आता कुणालाच काही सापडत नव्हते. आम्ही अक्काला बोलावले आणि सांगितले, स्वयंपाकघर तू लाव. तुला सोयीचे जाईल तसे. आम्ही हलवणार नाही. तिने पाऊण तासात लावले. तिखट-मीठ-हळद उजव्या हाताला, डाळी ओट्याखाली, क्वचित लागणारे माळ्यावर. चिठ्ठ्या तिने काढून टाकल्या, तिला त्या वाचता येत नाहीत आणि त्यांच्यावर तेलकट धूळ बसते. कात्री तिने फ्रिजच्या बाजूला खिळ्यावर टांगली. तीन आठवड्यांनी पुन्हा रेघा ओढल्या तेव्हा सकाळच्या चार तासांत नऊ व्यत्यय झाले होते.

जेवणाचा प्रश्न याहून अवघड होता, कारण त्यात मान-अपमान गुंतलेला असतो. त्यांना चौतीस वर्षे कारखान्याच्या उपाहारगृहात बरोबर साडेबाराला ताट मिळाले. मी डबा कधी दीडला, कधी अडीचला, फाईल पाहत खाल्लेला. मी साडेबाराला वाढायचे, मला भूक नसायची, मग समोर बसून त्यांच्या जेवणाकडे पाहायचे, आणि दोनला स्वतःसाठी पुन्हा सगळे गरम करायचे. एकत्र जेवावे ही इच्छा दोघांची, आणि त्यापायी दोघेही बेचव जेवत होतो. शेवटी ठरवले की दुपारी ज्याने त्याने आपापल्या वेळी वाढून घ्यावे, रात्री आठला मात्र एकत्र बसायचे. ही व्यवस्था मी एकदा फोनवर जाऊबाईंना सांगितली. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘भांडलात का गं?’ पुढचे पंधरा दिवस कऱ्हाडहून रोज कुणाचा ना कुणाचा खुशालीचा फोन येत होता.

स्वयंपाकाच्या वाटणीबद्दल माझ्या अर्थशास्त्राने मला बराच काळ फसवले. गॅरी बेकर यांनी कुटुंबाकडे एका छोट्या उत्पादनसंस्थेसारखे पाहायला शिकवले. ज्याला जे काम तुलनेने स्वस्तात जमते, त्याने ते करावे. मला आमटी पंचवीस मिनिटांत येते. त्यांनी पहिल्यांदा केली तेव्हा एक तास चाळीस मिनिटे लागली, आणि गोडा मसाला घालायचा राहिला. या हिशेबाने मीच आजन्म स्वयंपाक करावा, हे उघड आहे. पण या हिशेबाच्या पोटात एक गृहीत दडलेले असते. तो वाचलेला वेळ दुसरीकडे विकता येतो, त्याला बाजारात भाव असतो. निवृत्तीनंतर दोघांच्याही वेळेचा बाजारभाव सारखाच, म्हणजे शून्य. मग त्यांचे एक तास चाळीस मिनिटे ‘वाया गेले’ असे म्हणायला आधार उरत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवारची रात्र त्यांच्याकडे गेली. दोन महिन्यांत आमटी पन्नास मिनिटांवर आली. त्याहून कमी होईल असे दिसत नाही, कारण ते फोडणीआधी सगळे साहित्य वाट्यांत काढून ओळीने मांडतात आणि मोजतात. त्या वाट्या घासायच्या कुणी, यावर अक्काने तिचे मत नोंदवले आहे. आता त्या तेच विसळतात.

यात मला एक गोष्ट शिकावी लागली, ती म्हणजे त्या वेळी स्वयंपाकघरात न जाणे. हे लिहायला सोपे आहे. कढईतले तेल धुरावू लागल्याचा वास दिवाणखान्यात येतो, आणि माणसाने पुस्तकाचे पान उलटायचे.

टेबलाचा वाद मिटायला सर्वांत जास्त वेळ लागला. साडेनऊशे चौरस फुटांत तिसरी खोली निघत नाही. आठवड्याचे वार वाटून पाहिले, पण त्यांचे सुटे केलेले रेडिओ उचलायचे कुठे? दुसरे टेबल घेऊन पाहिले, ते दाराला लागू लागले आणि परत करावे लागले. अखेर जागा घराबाहेर शोधावी लागली. बसवनगुडीत बी. पी. वाडिया रस्त्यावर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर ही १९४५ पासूनची संस्था आहे. तिचे ग्रंथालय जुन्या बंगळुरूला साजेसे, उंच छताचे आणि शांत आहे. आठवड्यातले तीन दिवस मी तिथे जाते. त्याच दिवशी घर त्यांचे असते. परतल्यावर टेबलाखाली एखादा स्क्रू सापडतो. मी तो उचलून त्यांच्या डबीत टाकते आणि विचारत नाही.

हे सगळे सुरळीत झाले, असा याचा अर्थ नाही. दुपारी तीनला त्यांना क्रिकेटचे जुने सामने पाहायचे असतात आणि मला वामकुक्षी हवी असते. कानात घालायचे ध्वनियंत्र आणले आहे, पण ते लावले की ते स्वतःच मोठ्याने समालोचन करतात. फोनवर बोलताना आवाज बाहेर सोडायची त्यांची सवय आणि दुसऱ्याचे वाक्य पुरे करण्याची माझी सवय, यांवर अद्याप कोणताही आदेश निघालेला नाही. शिवाय आमच्या या व्यवस्थेला अक्काच्या दोन तासांचा, दोघांच्या बऱ्या प्रकृतीचा आणि नियमित उत्पन्नाचा आधार आहे. एकाला अंथरुण धरावे लागले, तर ‘आजारी व्यक्तीची काळजी’ हा वेगळाच संकेतांक सुरू होईल आणि हा तक्ता फाडून नवा आखावा लागेल. त्या दिवसासाठी आम्ही काही ठरवलेले नाही. एकदा विषय काढला होता, दोघांनीही लगेच चहा टाकायचे निमित्त केले.

वर्षभराने, २०२५ च्या नोव्हेंबरात, मी पुन्हा सात दिवसांचे तक्ते काढले. माझे घरकाम तीन तासांच्या जरासे आत आले होते, त्यांचे एक तास पंचावन्न मिनिटांवर गेले होते. संध्याकाळच्या तुकड्यांत ‘सोबत’ या रकान्यात दोन्ही तक्ते बहुतेक जुळत होते : आठचे जेवण, आणि त्याआधी मिनी फॉरेस्टमधली फेरी, जिच्यात आम्ही फारसे बोलत नाही, तरी मीही ‘पती’ असे लिहिले होते.

सकाळचा भाग शेवटी पाहिला. मी घरी असते अशा एका मंगळवारी, साडेदहा ते अकरा, त्यांच्या तक्त्यात होते : ‘रेडिओची दुरुस्ती, मुलीची खोली. सोबत : पत्नी.’ माझ्यात : ‘लेखन, गॅलरी. सोबत : कुणी नाही.’

छाननीच्या नियमाप्रमाणे दोहोंपैकी एक नोंद दुरुस्त करायला हवी होती. लाल पेन हातात होते. मी तारीख घातली, खाली सही केली, आणि दोन्ही तक्ते तसेच वहीत ठेवून दिले.